कॅपॅसिटर जवळ, ग्राउंड लांब
(जळगावात पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

रावेर-यावलकडच्या तुम्हा मुलांना केळीचं ड्रिप सांगायला नको. विहिरीवरून येणारी पाइपलाइन लांब असते, झाडाला पाणी हवं त्या क्षणी ते तिथूनच निघून पोचेल म्हणून थांबता येत नाही. सर्किट बोर्डावर चिप म्हणजे ते झाड, आणि तिच्याजवळचा डिकपलिंग कॅपॅसिटर म्हणजे झाडाच्या बुंध्याशी ठेवलेली छोटी टाकी. पण उपमा इथेच संपते, कारण पाणी जमिनीत मुरतं आणि करंटला मात्र परत यावंच लागतं. आज मला त्या परतीच्या वाटेबद्दलच बोलायचं आहे.

ड्रिपचे व्हॉल्व्ह चालवणारा एक बोर्ड मी केला होता. दोन लेयरचा, ATmega328P या मायक्रोकंट्रोलर चिपवर. डिस्प्लेच्या आठही डेटा लाइन एकदम बदलल्या की कधीतरी प्रोग्राम अडकायचा. 100 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर VCC पिनपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर होता, म्हणून त्याच्यावर माझा संशयच गेला नाही. दोन दिवस मी कोडच तपासत बसलो.

दोष खालच्या लेयरला होता. बटणाची एक लांब ट्रेस तिथल्या ग्राउंडच्या तांब्याला मधोमध चिरत गेली होती. कॅपॅसिटरचा ग्राउंड व्हाया, म्हणजे वरचा लेयर खालच्याला जोडणारं भोक, चिरेच्या एका बाजूला, चिपची GND पिन दुसऱ्या बाजूला. तांबं पलीकडे जोडलेलं होतं, म्हणून डिझाइनचे नियम तपासणाऱ्या DRC ने काही तक्रार केली नाही. पण करंटचा फेरा, म्हणजे कॅपॅसिटरपासून VCC, चिप, GND आणि पुन्हा कॅपॅसिटर, साधारण 45 मिलिमीटरचा झाला होता.

आता ढोबळ हिशेब करू. मिलिमीटरमागे 1 नॅनोहेन्री धरली तर 45 नॅनोहेन्री. पाच नॅनोसेकंदांत करंट 50 मिलिअँपिअरने वाढला, तर

```
V = L × ΔI/Δt = 45 nH × 50 mA / 5 ns = 0.45 V
```

जवळपास अर्धा व्होल्ट चिपच्या पायाशीच हलतो. फेरा सहा मिलिमीटरचा केला, तर याच हिशेबाने 0.06 व्होल्ट.

खात्री करायला मी एक 100 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर VCC आणि GND च्या पायांवरच आडवा सोल्डर केला. अडकणं थांबलं. स्कोपने बघणार असाल तर प्रोबची लांब काळी क्लिप काढून टाका, कारण तिचाच फेरा नॉइज उचलतो. टोकाजवळची छोटी ग्राउंड स्प्रिंग वापरा.

नव्या बोर्डात बटणाची ट्रेस मी वर नेली. कॅपॅसिटरचा ग्राउंड पॅड चिपच्या GND पिनला वरच्याच लेयरवर आखूड, रुंद ट्रेसने जोडला आणि शेजारी व्हाया टाकला. जिथे एखादी लाइन खाली न्यावीच लागली, तिथे ती आखूड ठेवली, म्हणजे तांब्यात लांब चीर पडत नाही.

रिलेच्या धक्क्याला मात्र हा कॅपॅसिटर पुरत नाही, तिथे मोठा वेगळा लागतो. रिलेचा परतीचा करंट चिपच्या ग्राउंडखालून जाऊ न देता थेट सप्लायच्या कनेक्टरकडे वळवायचा.