तेव्हाचा अंतरा, आताचा अंतरा

मंडळी, आज मी माझं एकच गाणं उलगडून दाखवणार आहे. एसटी स्टँडवरचं गाणं आहे. शिकायला शहरात निघालेल्या मुलीला वडील गाडीत बसवून देतात, आणि बऱ्याच वर्षांनी तीच मुलगी म्हाताऱ्या वडिलांना गाडीत बसवून देते. एक अंतरा तेव्हाचा, एक आताचा, असे चार अंतरे. जागा तीच, माणसं तीच, म्हणजे ऐकणारा हरवायला पुरेपूर वाव.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'बाबा आले सोडायला, गाडी आली फलाटावर'. माझ्या मते हा स्वच्छ भूतकाळ होता. ऐकणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे बाबा आत्ता आलेत ना?" तिचं बरोबर होतं. आपण 'पाऊस आला' म्हणतो तेव्हा पाऊस डोळ्यांसमोर पडत असतो. 'आली बघ गाडी' म्हणतो तेव्हा गाडी वळणावर दिसत असते. मराठीतलं 'आला, आली, आले' हे काल घडलेल्यालाही चालतं आणि या क्षणाच्या गोष्टीलाही. कागदावर मागचापुढचा मजकूर सांभाळून घेतो. गाण्यात मात्र ओळ निघून जाते, मागे जाऊन वाचता येत नाही. 'येई, बसे, असे' ही जुनी रूपं गोड लागतात, पण त्यांतही तेव्हाचं की आताचं हे कानाला पक्कं कळत नाही. म्हणून मी 'यायचे, द्यायचे' धरलं. 'घ्यायचं आहे' अशा अर्थाने हे रूप आताच्या गोष्टीलाही चालतं, पण 'बाबा यायचे' असं ओळीच्या शेवटी आलं की ते तेव्हाचंच वाटतं, शिवाय 'दर वेळी असंच घडायचं' हेही सांगून जातं.

तेव्हा बाबा सोडायला फलाटावर यायचे
सुटताना मुठीमध्ये घडीची नोट द्यायचे

आता पायरी चढाया बाबांना काठी लागते
गोळ्या कधी घ्यायच्या ते पुन्हा एकदा सांगते

आपलं क्रियापद ओळीच्या शेवटी येतं, आणि यमकही तिथेच. त्यामुळे काळ यमकातच बसतो. 'यायचे–द्यायचे' एका काळाचा नाद, 'लागते–सांगते' दुसऱ्याचा. दोन अंतरे झाले की कान हे नाद ओळखायला लागतो. पण याच रचनेत अडचणही आहे. क्रियापद येईपर्यंत ओळ संपत आलेली असते, आणि तोवर ऐकणाऱ्याने मनात चित्र काढून टाकलेलं असतं. म्हणून पहिल्या दोन अंतऱ्यांत पहिलाच शब्द 'तेव्हा' आणि 'आता' आहे. अंतऱ्याची पहिली ओळ गायक बहुतेक वेळा दोनदा घेतो. काळाची खूण त्या ओळीत असली तर ती दोनदा ऐकू येते. दुसऱ्या ओळीत ठेवली तर एकदाच, आणि उशिरा. खुणेला वस्तूची जोड हवी. नोट तेव्हाची, काठी आणि गोळ्या आताच्या.

मग ध्रुवपदाचं काय? ते दोन्ही काळांच्या अंतऱ्यांनंतर येणार. त्यात 'हलतो' लिहिलं तर भूतकाळाच्या अंतऱ्यानंतर ठेच लागते, 'हलायचा' लिहिलं तर वर्तमानाच्या. मी क्रियापदच काढून टाकलं. मराठीत क्रियापदाशिवाय वाक्य उभं राहतं, हे आपलं भाग्य.

गजाच्या आत एक हात
गजाच्या बाहेर हात

पहिल्या अंतऱ्यानंतर हे ऐकताना आतला हात मुलीचा असतो, दुसऱ्यानंतर बाबांचा. शब्द जागचे हलत नाहीत.

तिसऱ्या अंतऱ्यात मी एक चूक करून बसले होते. तो पुन्हा तेव्हाचा, पण त्यात बाबांच्या निवृत्तीचा दिवस घातला होता. म्हणजे मुलीची शिकण्याची वर्षं हा एक भूतकाळ, निवृत्ती हा दुसरा, आणि दोघांनाही 'तेव्हा'. लोक मनात वर्षं जुळवायला लागले आणि सुरातून बाहेर पडले. ओळी बऱ्या होत्या, वाईट वाटलं, पण काढल्या. अशा गाण्याला एकच भूतकाळ पेलतो. तिसऱ्यात आता तोच फलाट आहे, तीच मुलगी. 'तेव्हा' हा शब्दही तिथे नाही. 'यायचे'ची ओळख झालेली असते, तेवढं पुरतं.

तपासायची माझी रीत साधी आहे. गाणं न ऐकलेल्या माणसाला चाल न लावता एकेका अंतऱ्याची फक्त पहिली ओळ वाचून दाखवते आणि विचारते, हे कधीचं? पहिल्या दोन ओळींना उत्तर झटकन यायला हवं. तो 'बहुतेक' म्हणाला तरी ओळ बदलते. तिसरी-चौथी मात्र आधीचे अंतरे ऐकवूनच विचारते.

चारही अंतऱ्यांत काळाची कुंपणं अशी पक्की झाली, म्हणून शेवटी एकदाच एक वस्तू कुंपणापलीकडे नेता आली. चौथा अंतरा आताचा आहे. बाबा गाडीत आहेत, मुलगी खाली उभी आहे.

गजांमधून कापरे हात बाहेर येतात
सुटताना मुठीमध्ये घडीची नोट देतात

दुसरी ओळ पहिल्या अंतऱ्यातलीच आहे. 'द्यायचे'च्या जागी फक्त 'देतात' आलं आहे.