मिटणारं टेबल आणि दोन साखळ्या

ऐरोलीतल्या या खोलीत पलंग आणि कपाट लावल्यावर जेमतेम दीड हात जागा उरते. तिथे हे भिंतीला मिटणारं टेबल आहे. नव्वद बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची, १८ मिलिमीटर प्लायची फळी. मागची कड बिजागरीवर, पुढची बाजू दोन साखळ्यांनी भिंतीतल्या हुकांना टांगलेली.

पहिल्यांदा लावलं, तेव्हा मुलीनं पुढच्या कडेवर कोपरं टेकली आणि डावा हूक प्लगसकट भिंतीतून निघून आला. मागची पियानो बिजागरी, म्हणजे लांब पट्टीसारखी बिजागरी, मात्र जागच्या जागी होती.

साखळ्या भिंतीवर फळीपासून फक्त २० सेंटिमीटर उंच ठोकल्या होत्या. फळीवर त्या भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे. पुढच्या कडेवर २० किलो भार आला आणि फळीचं स्वतःचं पाचेक किलो वजन धरलं, तर असे हूक प्रत्येकी सुमारे २५ किलो जोरानं भिंतीबाहेर खेचले जातात. तेच हूक ४० सेंटिमीटर उंचीवर नेले की हा जोर निम्म्यावर येतो. साखळी जितकी आडवी, तितकी भिंतीवर ओढ जास्त.

दुसरी चूक भिंत न ओळखण्याची. ड्रिल लोण्यासारखं आत गेलं आणि पांढरट भुकटी पडली, म्हणजे हलका ब्लॉक. त्यात साधा प्लग धरत नाही. त्याच ब्लॉकसाठी बनवलेला लांब प्लग किंवा भोकात रसायन भरून चिकटवायचा केमिकल अँकर लागतो. लाल भुकटी पडली तर वीट, तिथे साधा चांगला प्लगही चालतो.

आता बिजागरी. भिंतीला सागवानी पट्टी पक्की केली. बिजागरीचं एक पान पट्टीच्या वरच्या अंगावर, दुसरं फळीच्या वरच्या अंगावर. प्लायच्या कडेत स्क्रू मारले असते तर थर फाटले असते. आधी दोन टोकांना आणि मध्ये एकेक स्क्रू, मग फळी उघडून-मिटून पाहायची. कुठे अडत नसेल तरच बाकीचे स्क्रू. ते १६ मिलिमीटरचेच, नाहीतर खालून टोकं बाहेर येतात.

फळीच्या मागच्या कडेखाली दोन सेंटिमीटर पुढे येणारी आणखी एक पट्टी आहे. मला सगळ्यात आवडलेलं काम हेच. फळी वर मिटताना ती आड येत नाही, आणि उघडी असताना मागचा भार तिच्यावर बसतो. बिजागरीला फक्त दुमडायचं काम उरतं.

साखळ्या वेल्ड केलेल्या कड्यांच्या. कडीत फट दिसली तर ती ताणाखाली उघडते. फळीला आरपार आय बोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट, खाली रुंद वॉशर आणि नट. दोन्ही साखळ्या बोटानं दाबून पाहायच्या. एक ढिली लागली, तर सगळा भार दुसरीवर आहे.

शेवटी पुढच्या कडेवर २० किलो तांदळाची गोणी रात्रभर ठेवली. सकाळी हुकाभोवतीच्या प्लॅस्टरवरून बोट फिरवलं. एकही तडा नव्हता.