सर्दीत कानाला दडा बसतो तेव्हा

नमस्कार मंडळी. आज कानाबद्दल बोलूया, पण दुखऱ्या कानाबद्दल नाही, गच्च झालेल्या कानाबद्दल. म्हणजे बघा, सर्दी होऊन चार-पाच दिवस झालेले असतात, ताप नाही, नाक जरा मोकळं व्हायला लागलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच एका कानाला दडा बसतो. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, समोरचा लांबून बोलतोय असं वाटतं, आवंढा गिळला की आत कट्ट करून वाजतं, आणि घशात मागच्या बाजूला काहीतरी चिकटून राहिलंय, खाकरून खाकरून जात नाहीये.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे आणि सर्दीच्या दिवसांत ही तक्रार घेऊन येणारे खूप असतात. बहुतेकांनी तोवर कानात काहीतरी घालून झालेलं असतं, तेल, ड्रॉप्स, नाहीतर कानातल्या काड्या. मला आधी तेच सांगायचंय, की अडथळा कानाच्या भोकात नाहीये हो. तो पडद्याच्या पलीकडे आहे आणि तिथे जायची वाट नाकाच्या मागून आहे, त्यामुळे वरून काहीही घातलं तरी ते तिथवर पोचतच नाही.

पडद्याच्या मागे एक छोटीशी पोकळी आहे, मधला कान. त्या पोकळीत हवा असते आणि ती हवा तिथलं आतलं अस्तर सतत रक्तात शोषून घेत असतं, म्हणून नवी हवा येत राहावी लागते. ती येते युस्टेशियन ट्यूबमधून. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते, एक टोक मधल्या कानात आणि दुसरं नाकाच्या अगदी मागे, टाळूच्या वर. गंमत म्हणजे ही नळी एरवी बंदच असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिला खेचून उघडतो, तेही सेकंदाच्या एका तुकड्यापुरतं, तेवढ्यात हवा आत जाते आणि परत बंद.

आता सर्दीत काय होतं की नळीचं नाकाकडचं तोंड सुजतं, त्यावर चिकट शेंबूड बसतो, स्नायू खेचतो पण नळी उघडत नाही. आतली हवा मात्र शोषली जातच राहते. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, पडदा आत ओढला जातो, ताणला गेलेला पडदा नीट हलत नाही आणि तोच तुमचा दडा. जास्त दिवस असंच राहिलं तर त्या रिकाम्या जागेत पातळ पाणी झिरपतं, मग मान वाकवली की कानात काहीतरी हलल्यासारखं वाटतं.

आणि घसा? नळीचं तोंड आणि घशाची वरची बाजू एकच जागा आहे ना. तिथला शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो आणि आपण खाकरत बसतो, खाकरल्यावर घसा अजून सुजतो, मग अजून खाकरतो. शिवाय घशाच्या काही भागाची आणि मधल्या कानाची जाणीव मेंदूकडे नेणारी नस एकच आहे, म्हणून घसा खवखवला तरी कळ कानात येते, आणि लोक म्हणतात घसा का कान काही कळत नाही. तेव्हा खाकरायची इच्छा झाली की पाण्याचा घोट घ्या, त्या घोटाने घसाही ओला होतो आणि नळीलाही उघडायची एक संधी मिळते.

मागे एक शिक्षिका आल्या होत्या. सर्दीचा सहावा दिवस, उजवा कान गच्च, वर्गात मुलं मागून काय बोलतायत ते कळत नव्हतं म्हणून फार वैतागल्या होत्या. त्यांनी कोणाकडून तरी ऐकून नाक चिमटीत धरून, तोंड बंद करून, पूर्ण ताकदीनं हवा मारली होती, दिवसातून कितीतरी वेळा. कान उघडला नाहीच, उलट एकदा गरगरलं आणि त्या घाबरल्या. तपासलं तर मळ नाही, लाली नाही, पडदा आत ओढलेला, बस.

जोर लावून का उघडलं नाही ते समजून घेण्यासारखं आहे. कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाला आणि तुम्ही जोरात ओढायला गेलात तर त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात, नळीचं तसंच होतं. आतून आधीच ओढ आहे, वर सूज आहे, खालून जोरात हवा मारली की मऊ तोंड उघडण्याऐवजी दाबलं जातं. आणि खूपच जोर केला तर आतल्या कानाचा बारीक पडदा फाटून चक्कर आणि बहिरेपणा येऊ शकतो, क्वचित घडतं पण घडतं. त्यांच्या बाबतीत तसं काही झालेलं नव्हतं.

त्यांना मी क्रम बदलायला सांगितला. आधी नाक, मग कान.

नाकासाठी मिठाचं पाणी. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, नळाचं थेट नाही, एका कपाला अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून, एका नाकपुडीतून हलक्या दाबाने सोडायचं. दाब जास्त झाला तर पाणी नळीत शिरतं आणि कान अजून भरल्यासारखा वाटतो, म्हणून हळू. नंतर नाक शिंकरायचं ते एकेका नाकपुडीतून, दोन्ही एकदम दाबून नाही.

मग दहा-पंधरा मिनिटांनी कान. सगळ्यात सोपं आधी, पाण्याचे घोट घेत राहायचं, तोंड मोठ्ठं उघडून खोटी जांभई आणायची, खरी आली तर उत्तमच. एवढ्याने नाही झालं तर नाक चिमटीत धरून एक घोट गिळायचा, आणि हे लक्षात ठेवा, लगेच नाक सोडून परत एकदा गिळायचं. नाक बंद असताना गिळलं की नळी उघडते पण त्याच वेळी नाकाच्या मागचा दाब खाली जातो, म्हणून ते दुसरं गिळणं हवं, मोकळ्या नाकाने हवा आत जायला. लोक पहिलं करतात आणि सोडून देतात.

त्यानेही नाही तर मग ती हवा मारायची पद्धत. इटलीच्या अँटोनिओ मारिया वाल्साल्वा यांनी 1704 सालच्या पुस्तकात ती लिहिली, म्हणून वाल्साल्वा म्हणतात. नाक चिमटीत, तोंड बंद, गाल फुगू न देता अगदी हलकी हवा मागे ढकलायची, दोन-तीन सेकंद, त्याच वेळी गिळायचा प्रयत्न करायचा म्हणजे स्नायूही मदतीला येतो. कानात हळूच भरल्यासारखं वाटलं की झालं, थांबा. दुखलं की थांबा. नाही उघडलं तर तासा-दोन तासांनी परत, लागोपाठ दहा वेळा नाही. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड भरपूर येत असेल किंवा कान ठणकत असेल तर हे करूच नका, घाण वर ढकलली जाऊ शकते. हृदयाचा गंभीर त्रास असलेल्यांनी आणि डोळ्याचं किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी आधी विचारल्याशिवाय करू नये.

त्या बाईंचा कान दुसऱ्या दिवशी उघडला नव्हता, हे मुद्दाम सांगते. अधेमधे कट्ट व्हायचं, पाच मिनिटं बरं वाटायचं, परत गच्च. ते कट्ट होणं चांगलं असतं, नळी हलायला लागलीये असा त्याचा अर्थ. सर्दी पूर्ण गेल्यावर अजून आठवडाभराने कान मोकळा झाला. सूज ओसरायला नाकापेक्षा नळीला जास्त वेळ लागतो, एक-दोन आठवडे लागले तरी घाबरायचं कारण नाही.

नाक उघडणारे स्प्रे, म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनवाले, थोडा आराम देतात पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त नको. नंतर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळवा. बीपी असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरला विचारूनच.

विमानाने जायचं असेल आणि दडा बसलेला असेल तर त्रास होतो तो उतरताना, चढताना कमी. विमान खाली येताना बाहेरचा दाब वाढत जातो आणि एका मर्यादेपुढे नळी इतकी दाबली जाते की गिळूनही उघडत नाही. म्हणून दुखायला लागल्यावर नाही, उतरायला सुरुवात झाली की लगेच घोट घोट पाणी किंवा च्युइंगम, आणि तेवढा वेळ झोपायचं नाही कारण झोपेत आपण फार कमी गिळतो. जमत असेल तर जोरदार सर्दीत प्रवास पुढे ढकलाच.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. सर्दीत कान बंद झाला म्हणजे नळीच बंद झाली असं दर वेळी नसतं. कधी कधी आतली नस अचानक कमजोर होते आणि तेही अगदी असंच, कानाला दडा बसल्यासारखंच वाटतं, आणि लोक सर्दी आहे म्हणून दोन आठवडे वाट बघतात. त्याचं औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर फायदा होतो, उशीर झाला की कमी. घरी एक करून बघा, तोंड बंद ठेवून एका सुरात हम्म्म करा. आवाज बंद कानात जास्त ऐकू आला तर बहुतेक अडथळा नळीचा किंवा मळाचा. चांगल्या कानात जास्त आला तर नसेची शंका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. ही काही पक्की तपासणी नाही, त्या शिक्षिकाबाईंना उजवीकडे जास्त ऐकू आलं तरी मी ट्यूनिंग फोर्क लावून बघितलंच. म्हणून हम्म्म ठीक वाटलं तरी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालं असेल तर थांबू नका.

तसंच कान जोरात ठणकतोय, कानातून पाणी किंवा पू येतोय, गरगरतंय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, तर लगेच. मुलांची नळी छोटी आणि आडवी असते, त्यांच्यात पाणी साठून राहतं आणि ते दुखतही नाही, मूल फक्त टीव्हीचा आवाज वाढवतं किंवा हाक मारली तर बघत नाही, तीन महिने असं राहिलं तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. आणि मोठ्या माणसात सर्दी गेली तरी एकाच कानाचा दडा महिनाभर हटत नसेल, सोबत नाकातून रक्त येत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर डॉक्टरांना नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने बघायला सांगा, नळीचं तोंड तिथेच आहे आणि बाहेरून ते दिसत नाही. नमस्कार.