साठ हजारांचा लॅपटॉप: एका खरेदीचे पाच टप्पे
(निवेदन)

[दृश्य: डोंबिवलीतलं घर. टेबलावर जुना लॅपटॉप, पडद्यावर गोल फिरणारं चक्र.]

हा लॅपटॉप बाबांच्या ऑफिसातून आलेला आहे. रॅम 4 जीबी, आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. गेली दोन वर्षं त्यावर असाइनमेंट टाइप झाल्या, लेक्चर पाहिली गेली, कुणाची काही तक्रार नव्हती. मग मुलीच्या सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला रेव्हिट हे इमारतींचे आराखडे करायचं सॉफ्टवेअर आलं आणि चक्र फिरत राहिलं.

खरेदीचा पहिला टप्पा हा. गरजेची जाणीव. आहे ते आणि हवं ते, यांतलं अंतर माणसाला खुपायला लागलं की खरेदी सुरू होते. दुकान अजून फार लांब असतं. हे अंतर दोन्ही बाजूंनी वाढतं. इथे मशीन अपुरं पडलं, हे खरं. पण वर्गातल्या मैत्रिणीचा पातळ, चंदेरी लॅपटॉप रोज शेजारी उघडतो, तेव्हा "हवं ते"सुद्धा वर सरकतं. जाहिरातवाल्यांचं सगळं काम या दुसऱ्या बाजूला चालतं.

[दृश्य: रात्र. मोबाइलवर व्हिडिओ, बाजूला वही.]

दुसरा टप्पा, माहितीचा शोध. तो आधी घरातच होतो. बाबांना एका कंपनीचं बिजागर दोन वर्षांत तुटल्याचं आठवतं आणि ती कंपनी तिथल्या तिथे बाद होते. मग बाहेरचा शोध: सीनियर, दुकानांच्या वेबसाइट, परीक्षणाचे व्हिडिओ. सर्वाधिक माहिती विकणाऱ्यांकडून येते, पण विश्वास बसतो तो ओळखीच्या माणसावर. सीनियरने सांगितलं, "रेव्हिट मॅकवर चालत नाही." त्या एका वाक्यात चंदेरी लॅपटॉप यादीतून गेला.

या वहीचं पान जरा थांबून पाहा. एकाच नावाचा लॅपटॉप इथे तीनदा लिहिलाय. नाव तेच, मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं वेगळी. एकात 8 जीबी रॅम, दुसऱ्यात 16. एकाचा पडदा चांगला, दुसऱ्याचा फिकट. व्हिडिओत ज्याची तारीफ होते तो एक, आणि सेलमध्ये स्वस्त मिळतो तो दुसराच. माहिती शोधताना माणूस फसतो तो बहुतेकदा इथे. पूर्ण मॉडेल नंबर जुळवल्याशिवाय कुठलंही परीक्षण आपल्या कामाचं नसतं.

[दृश्य: वहीवर आखलेला तक्ता. पेन.]

आता तिसरा टप्पा, पर्यायांचं मूल्यमापन. आमच्या मते सगळी खरेदी इथे ठरते किंवा फसते, म्हणून कॅमेरा इथे जास्त वेळ थांबलाय.

आधी चाळणी. साठ हजारांच्या वरचे बाद. 16 जीबीपेक्षा कमी रॅमवाले बाद. चाळणीत सवलत नसते: रॅम कमी असेल, तर पडदा कितीही सुंदर असो, तो लॅपटॉप गेला. उरले दोन.

पहिला 58 हजारांचा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, दणकट, पण वजन 2.3 किलो आणि पडद्याचे रंग फिके. दुसरा 59,500 चा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पण पडदा उत्तम आणि वजन 1.4 किलो.

इथे चाळणी संपते आणि तराजू येतो. आता एका गुणाची उणीव दुसरा गुण भरून काढू शकतो. तिने चार निकष लिहिले आणि शंभर गुण वाटले: वेगाला 40, वजनाला 30, पडद्याला 20, सर्व्हिस सेंटरला 10. मग प्रत्येक लॅपटॉपला प्रत्येक निकषावर दहापैकी गुण. जड लॅपटॉपला वेगात 9, वजनात 4, पडद्यात 4, सर्व्हिसमध्ये 7. हलक्याला 6, 9, 8 आणि 7. गुणाकार-बेरीज केली, तर जड लॅपटॉप दहापैकी 6.3, हलका 7.4.

पण बाबांनी पेन घेतलं. "वजनाचं काय एवढं? वेगाला 60 दे, वजनाला 10." पुन्हा बेरीज. आता जड 7.3, हलका 6.8. लॅपटॉप तेच, गुण तेच. फक्त कशाला किती महत्त्व हे बदललं आणि निकाल उलटला.

"बाबा, सकाळच्या लोकलमध्ये पाठीवर मी घेणार आहे," ती म्हणाली. वजनाचे 30 कायम राहिले.

[दृश्य: ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेकडची गर्दी. लॅमिंग्टन रोडच्या पाट्या.]

डॉ. भडकमकर मार्ग. या नावाने विचारलंत तर लोक क्षणभर बघत राहतील. लॅमिंग्टन रोड म्हणा. केबल, कीबोर्ड, कॅमेरे, आणि दर दहा पावलांवर "बोला, काय पाहिजे?"

ठरवलेलं आणि घेतलेलं, यांच्यामध्ये दोन गोष्टी आडव्या येतात: दुसऱ्यांची मतं आणि ऐन वेळची परिस्थिती. चौथा टप्पा, खरेदीचा निर्णय, तो या अरुंद फटीत घडतो.

पहिल्या दुकानात तिचा मॉडेल "आऊट ऑफ स्टॉक". त्याऐवजी समोर आला 52 हजारांचा. 8 जीबी, सोबत बॅग आणि अँटीव्हायरस फुकट. "रॅम नंतर वाढवता येईल, मॅडम." बाबांची मान हलायला लागली.

[दृश्य: डेमो लॅपटॉपचा पडदा, जवळून.]

तिने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर, त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. खाली कोपऱ्यात ओळ होती: Form factor: Row of chips. म्हणजे रॅम बोर्डवरच डाखलेली. जोडीला मोकळा स्लॉट आहे का, असं तिने विचारलं. उत्तर देण्याआधी सेल्समनने मॅनेजरकडे पाहिलं, मग म्हणाला, नाही. बॅग काउंटरवरच राहिली.

तिसऱ्या दुकानात तिचा मॉडेल मिळाला. आता पैसे. 59,500 एकरकमी, किंवा क्रेडिट कार्डावर दहा हजारांचे सहा हप्ते, "व्याज शून्य". बँक व्याज घेतेच. दुकान किंवा कंपनी ते सवलत म्हणून आधी वळतं करते. वर्षाला 15 टक्के दराने या साठ हजारांत सुमारे 2,540 रुपये व्याज दडलेलं असतं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 457 रुपये, ग्राहकाच्या खिशातून जातात. प्रोसेसिंग फी वेगळी. एकरकमीत वाचणारे पाचशेही धरा, की शून्याची किंमत हजाराच्या आसपास पोचते. बाबांनी एकरकमी दिले.

[दृश्य: घर. खोका उघडताना सगळे.]

पाचवा टप्पा, खरेदीनंतरचं वर्तन. खोका, बिल आणि लॅपटॉप, तिन्हींवरचा सिरियल नंबर एकच आहे ना, हे ती तपासते. रेव्हिट उघडतं. रात्री मात्र ती पुन्हा तोच मॉडेल वेबसाइटवर शोधते, किंमत उतरली नाही ना ते बघायला; घेतलेलं बरोबर होतं, याचा पुरावा मन शोधत असतं.

बिघाड निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल करण्याचं शुल्क नाही. बिलाचा फोटो तिने बाबांच्या मेलवरही पाठवून ठेवलाय.