वस्तीत डास किती?

नमस्कार श्रोतेहो. डेंग्यू पसरवणारे एडिस इजिप्ती जातीचे डास एखाद्या वस्तीत किती असतील, हे मोजायला काही डासांवर खूण करून सोडतात आणि पुन्हा पकडतात. मादी चावते, म्हणून आज आपण फक्त नरांचा हिशोब करू.

त्याच वस्तीतल्या अळ्यांपासून वाढवलेले नर जाळी लावलेल्या कागदी पेल्यात घ्यायचे आणि चमकणाऱ्या रंगाची पूड रबरी फुग्याने हलकेच फुंकायची. पूड अगदी चिमूटभर, तीही कमीच. जास्त झाली तर पंख जड होतात आणि डास मरतात. मग थोडा वेळ थांबून पेले उघडायचे. जे उडून गेले तेच मोजायचे. तळाशी राहिलेले वजा. ही वजाबाकी राहून गेली की पुढचं सगळं गणित फुगतं.

समजा, १००० नर उडाले. दोन दिवसांनी वस्तीभर फिरून ३०० नर पकडले. अंधारात अतिनील टॉर्चखाली पाहिल्यावर १२ जणांच्या अंगावर रंग चमकला. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या: सोडलेले गुणिले पकडलेले, भागिले त्यातले खुणेचे. १००० गुणिले ३०० भागिले १२, म्हणजे २५,०००.

पण हा आकडा चुकीचा आहे. सोडलेले हजारच्या हजार दोन दिवस जगत नाहीत. रोज शंभरातले ऐंशी जगतात असं धरलं, तर पहिल्या दिवसाअखेर ८०० आणि दुसऱ्या दिवसाअखेर ६४० उरतात. आता ६४० गुणिले ३०० भागिले १२, म्हणजे १६,०००. यात आपण सोडलेले ६४० आहेतच. ते काढले की वस्तीतले मूळचे नर १५,३६०. माद्या तेवढ्याच असतील असं मात्र धरू नका, त्या सहसा जास्त दिवस जगतात.

ऐंशी टक्के हा आकडा इथे मी सोयीसाठी घेतला. प्रत्यक्षात रोज पकडत राहायचं आणि खुणेचे डास कसे घटत जातात त्यावरून तो काढायचा. त्यातही एक मेख आहे: वस्तीबाहेर उडून गेलेला डासही मेलेल्यांतच मोजला जातो.

भागाकारात खालचा आकडा लहान असल्यामुळे जरा चूक झाली तरी महागात पडते. टॉर्चखाली दोनच डास नजरेतून सुटले, बाराचे दहा झाले, तर १६,००० चे १९,२०० होतात. उलट, पकडलेले सगळे एकाच पिशवीत कोंबले तर पूड एकाची दुसऱ्याला लागते, खुणेचे खोटेच वाढतात आणि उत्तर घटतं. सोडल्या जागेच्या आसपासच जाळं फिरवलं तरी तेच होतं, कारण डास अजून वस्तीत मिसळलेले नसतात. म्हणून प्रत्येक घरातले डास वेगळ्या पेल्यात ठेवायचे आणि त्यावर घर क्रमांक लिहायचा. खुणेचे सगळे डास दोन-तीन घरांतूनच निघाले, तर त्या दिवशीचं गणित सोडून द्यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं घेऊन निघावं.