कोळशाच्या धुराला किती भाव?

श्रोतेहो, नमस्कार.

कारखाना धूर सोडतो, त्याचं नुकसान सगळ्यांना सोसावं लागतं, पण कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत त्याची नोंदच नसते. ती करायला लावायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कार्बन कर. टनामागे इतके पैसे भरा, मग हवा तेवढा धूर सोडा. यात भाव पक्का असतो, पण धूर किती कमी होईल ते आधी सांगता येत नाही. दुसरा मार्ग परवान्यांचा. देशात एकूण किती टन धूर चालेल हे सरकार ठरवतं, तेवढेच परवाने काढतं आणि कारखाने ते आपापसांत विकत घेतात. इथे धुराचं प्रमाण पक्कं, पण भाव कुठे जाईल त्याचा नेम नाही.

कागदावर दोन्ही तितकेच चांगले दिसतात. खरा फरक कळतो तो सरकारचा अंदाज चुकतो तेव्हा. युरोपात तो चुकला.

युरोपीय संघाने २००५ साली परवान्यांचा बाजार सुरू केला. बहुतेक परवाने फुकट वाटले, आणि कोणाला किती द्यायचे हे ठरलं अंदाजावर, कारण कोण किती धूर सोडतं याची तपासलेली आकडेवारीच तोवर नव्हती. ती २००६ च्या एप्रिलमध्ये बाहेर आली. पाहिलं तर प्रत्यक्ष धुरापेक्षा परवानेच जास्त! तीस युरोंच्या आसपास असलेला टनाचा भाव काही दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आला. हे परवाने पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवता येत नव्हते, म्हणून २००७ संपता संपता त्यांना काही सेंटसुद्धा मिळेनात. पुढे राखून ठेवायची सोय झाली, पण २००८ ची मंदी आली, कारखाने थंडावले आणि शिल्लक परवान्यांचा ढीग साचला. २०१३ साली भाव तीन युरोंच्याही खाली उतरला. एवढ्या भावात कोण कशाला भट्टी बदलेल?

ब्रिटनने त्याच वर्षी एक पाऊल उचललं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं तेच आहे. परवान्यांचा बाजार तसाच ठेवून त्यांनी वीजकेंद्रांच्या इंधनावर वेगळा कार्बन कर बसवला. २०१६ पर्यंत तो टनामागे १८ पौंडांवर गेला. आता एका वीजकेंद्राचा हिशेब पाहू. हजार युनिट वीज कोळशावर केली तर साधारण ९०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, नैसर्गिक वायूवर केली तर ४०० किलोच्या आसपास. म्हणजे कोळशावर सुमारे १६ पौंड कर पडला आणि वायूवर ७. वीज घेताना आधी स्वस्त केंद्र चालवतात, त्यामुळे नऊ पौंडांच्या या फरकाने कोळसा रांगेत मागे गेला. २०१२ साली ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशावर होत होती. २०१९ मध्ये दोन-तीन टक्के उरली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळसाकेंद्रही बंद झालं. पवनचक्क्या आणि हवेच्या प्रदूषणाचे कडक नियम यांचाही त्यात वाटा आहे, पण कर नसता तर हे इतक्या झपाट्याने झालं नसतं.

मात्र यात एक खोच आहे. एकूण मर्यादा सगळ्या युरोपची मिळून होती. ब्रिटनच्या केंद्रांनी न वापरलेले परवाने दुसऱ्या देशातला कारखाना घेऊन तेवढाच धूर सोडू शकत होता. एकट्याने कर लावून धूर फक्त जागा बदलत असेल, तर लोकांनी भरलेला पैसा कशासाठी? युरोपने २०१९ पासून शिल्लक परवाने बाजारातून काढून घेण्याची व्यवस्था केली, पुढे त्यातले बरेचसे रद्दही केले, तेव्हा कुठे ही गळती आटोक्यात आली. भावही वर गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभर युरोंच्या पुढे पोचला.

म्हणून मला वाटतं, नुसते परवाने पुरत नाहीत. त्यांच्या खाली किमान भाव हवा आणि वरकड परवाने मागे घेण्याचा नियमही हवा.

आपल्याकडे २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. तो कराच्या वाटेचाच प्रकार होता. २०२३ साली भारताने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना जाहीर केली. तिच्यात एकूण धुरावर मर्यादा नाही. एक टन सिमेंट किंवा ॲल्युमिनियम बनवताना किती धूर निघतो त्यावर उद्दिष्ट आहे. उद्दिष्टापेक्षा कमी धूर सोडणाऱ्या कारखान्याला विकता येणारी क्रेडिटं मिळतात, जास्त सोडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात. उत्पादन दुप्पट झालं, तर प्रत्येक टनामागचा धूर कमी होऊनही एकूण धूर वाढू शकतो. तेव्हा या योजनेच्या बातम्या येतील तेव्हा दोन आकडे शोधा: क्रेडिटचा भाव काय निघाला आणि उद्दिष्टं दरवर्षी किती घट्ट होत गेली. सुरुवातीलाच सगळेच कारखाने उद्दिष्टापेक्षा सरस निघाले, बाजारात विकणारे ढीगभर आणि घेणारे मोजके असले, तर २००६ च्या एप्रिलमध्ये युरोपात झालं तेच इथेही झालंय असं समजा.

नमस्कार.