पडत्या बाजारात एसआयपी थांबवायची का? वहिनींच्या वहीतला हिशोब

नमस्कार श्रोतेहो. बाजार सलग सहा-आठ महिने खाली येत राहिला की लोक एकच प्रश्न विचारतात, दर महिन्याला पैसे घालतोय आणि दर महिन्याला किंमत कमीच दिसतेय, मग एसआयपी थोडे दिवस थांबवू का? याचं उत्तर मी माझ्या वहिनींच्या वहीतून देणार आहे, कारण मला स्वतःला ते तिथूनच कळलं, आणि तेही उशिरा.

जानेवारी 2008 ची गोष्ट. वहिनींनी आणि मी एकाच दिवशी, सेन्सेक्ससोबत वर-खाली होणाऱ्या एकाच इंडेक्स फंडात एसआयपी सुरू केली, दोघांची हजार-हजार रुपयांची. सेन्सेक्स तेव्हा नुकताच 21,000 ला शिवून आला होता, सगळीकडे तोच विषय, आणि आम्ही फॉर्म भरून पैसे सुरू करेपर्यंत बाजार घसरायला लागलासुद्धा.

हिशोब तुम्हाला घरी पडताळता यावा म्हणून एक सोपी युक्ती करू. सेन्सेक्सचा महिनाअखेरचा आकडा घ्यायचा, त्याला हजाराने भागायचं आणि तो एका युनिटचा भाव धरायचा. जानेवारी 2008 अखेर सेन्सेक्स साधारण 17,650 होता, म्हणजे भाव 17 रुपये 65 पैसे, आणि हजार रुपयांत आले जवळपास 57 युनिट. ऑक्टोबरअखेर सेन्सेक्स 9,800 च्याही खाली. माझे दहा हप्ते गेलेले, दहा हजार रुपये, आणि त्यांची किंमत पावणेसात हजारांच्या आत. मी घाबरलो. फॉर्म भरला, एसआयपी बंद केली. मनात म्हटलं, बाजार सावरला की परत सुरू करू.

वहिनींनी बंद केली नाही. मी त्यांना म्हटलं, अहो वहिनी, पैसे बुडतायत, थांबवा की. तर त्यांनी वही पुढे केली. शाळेतली दोनरेघी वही, पेन्सिलीने आखलेले चार रकाने: तारीख, भाव, या महिन्यात आलेले युनिट, एकूण युनिट. मी विचारलं, आज किंमत किती झाली त्याचा रकाना कुठाय? त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला विकायचं कुठाय आत्ता? मग ती किंमत लिहून काय करू?" आणि त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. जानेवारीत 57, जूनमध्ये 74, ऑक्टोबरमध्ये 102. हजार रुपये तेच, युनिट वाढत चाललेले.

(जाता जाता सांगतो, हाताने वही लिहिणारी माणसं मला फार आवडतात. हल्ली सगळं मोबाईलच्या ॲपवर, आणि ॲप उघडलं की सगळ्यात मोठ्या अक्षरात लाल रंगात काय दिसतं तर आजची किंमत. युनिट किती जमले हे शोधायला आत दोन-तीनदा बोट मारावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की युनिटचा आकडा वर असायला हवा. असो.)

पुढे काय झालं ते ऐका. मी नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा हप्ते भरले नाहीत. वहिनींनी भरले. फेब्रुवारी 2009 अखेर सेन्सेक्स 8,900 च्या आसपास, त्या एका महिन्यात त्यांना 112 युनिट मिळाले. पण हेही सांगितलं पाहिजे की त्या दिवशी त्यांचे 14,000 गेलेले होते आणि किंमत होती साधारण 10,000. चार हजारांचा खड्डा. हप्ता चालू ठेवला म्हणून खड्डा पडत नाही असं अजिबात नाही, मी परत सांगतो, खड्डा पडतोच.

मग मे महिन्यात निवडणुकीचा निकाल लागला आणि 18 मे 2009 च्या सोमवारी बाजार उघडल्या उघडल्या असा उडाला की व्यवहार थांबवावे लागले, एका दिवसात 17 टक्क्यांच्या आसपास वाढ. सावरला की सुरू करू म्हणणारा मी, मला त्यात शिरायला वेळच मिळाला नाही. मी परत सुरू केली जुलैअखेर, तेव्हा सेन्सेक्स 15,600 च्या वर, आणि हजार रुपयांत आले 64 युनिट.

आता मेअखेरचा हिशोब करू, मे महिन्याचा हप्ता सोडून. सेन्सेक्स साधारण 14,600. माझ्या दहा हप्त्यांचे 689 युनिट, किंमत दहा हजारांच्या जरा वर, आणि न भरलेले सहा हजार बँकेत, म्हणजे एकूण 16,000 आणि थोडे. वहिनींचे तेच 16,000 फंडात, पण युनिट 1,311, किंमत 19,000 च्या वर. फरक तीन हजारांचा. त्या सहा हप्त्यांत त्यांना जवळपास 623 युनिट आले, म्हणजे माझ्या दहा हप्त्यांना जे मिळालं त्याच्या जवळपास तेवढं त्यांना सहा हप्त्यांत मिळालं. वहिनींचा सरासरी भाव 12 रुपये 20 पैशांवर आला, माझा साडेचौदावर राहिला. त्यामुळे मुद्दल सुटायला बाजार 17,650 ला परत येण्याची वाट त्यांना बघावी लागली नाही, 12,200 पुरला. मला मात्र 14,500 लागला.

आता ज्यांची एसआयपी दहा-बारा वर्षं जुनी आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. समजा जमलेत पाच लाख आणि हप्ता पाच हजार. बाजार 40 टक्के पडला तर दोन लाख कमी दिसणार, आणि ते कमी होतात आधी घेतलेल्या युनिटचे. पाच हजाराचा हप्ता थांबवून त्या दोन लाखांतलं काहीच वाचत नाही. परत सांगतो, हप्ता थांबवला तरी जुन्या युनिटची पडझड थांबत नाही. आणि मोठ्या रकमेपुढे एका हप्त्याने सरासरीही फारशी हलत नाही.

मग थांबवायची कधी? नोकरी गेली, घरात आजारपण आलं, बाजूला चार-सहा महिन्यांचा खर्च नाही, तर खुशाल थांबवा, त्यात लाज नाही, कर्ज काढून हप्ता भरू नका. पैसे दोन-तीन वर्षांतच लागणार असतील, मुलीची फी असो की घर, तर ते पैसे शेअर बाजाराच्या फंडात नकोतच. आणि फंड एकाच धंद्याचा असेल तर नीट बघा. 2007-08 मध्ये इन्फ्रास्ट्रक्चर फंडांत शिरलेले किती तरी लोक, बाकीचा बाजार सावरल्यावरही वर्षानुवर्षं तोट्यात होते. वहिनींचा हिशोब जमला कारण त्यांचा इंडेक्स परत वर आला. जो फंड वर येतच नाही त्यात युनिट कितीही जमले तरी उपयोग नाही.

थांबवायचीच असेल तर नुसतं खातं रिकामं ठेवू नका. हप्ता परत गेला की बँक दंड लावते, आणि महिन्याच्या एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की फंडवाले ती रद्दच करतात. बऱ्याच फंडांत 'पॉझ'ची सोय असते, बहुतेक एक ते तीन महिन्यांची, मुदत संपली की हप्ता आपोआप सुरू होतो. पण अर्ज हप्त्याच्या तारखेच्या काही दिवस आधी द्यावा लागतो, किती दिवस ते आपल्या फंडाकडे विचारून घ्या. आणि पॉझ दाबायच्या ऐवजी कॅन्सल दाबलं गेलं तर परत सुरू करायला नवीन अर्ज, मी 2009 मध्ये अडकलो तसंच.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागायच्या वेळी एका सोमवारी सेन्सेक्स 3,900 अंकांच्यावर पडला, तेव्हा मी वहिनींना फोन केला. वही चौथी चालू होती. रकाने तेच चार.